ठीकच्या रकान्यातली खूण

आमच्या मालकांनी आयुष्यात कोणालाही, कशालाही 'चांगलं' म्हटलं नाही. लेकीच्या लग्नानंतर कोणीतरी विचारलं, जावई कसा वाटला? म्हणाले, "ठीक." डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पट्टी काढली आणि विचारलं, आता कसं दिसतंय? म्हणाले, "ठीक." त्यांच्या माघारी आम्ही त्यांना ठीकराव म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं याची मला खात्री आहे, आणि तेही त्यांना ठीकच वाटत असणार.

त्यांच्या ठीकला वरचा मजलाच नव्हता. एखादी गोष्ट नापसंत असली की ते गप्प बसायचे, फार नापसंत असली की चष्मा पुसायचे. म्हणजे ठीक म्हणाले की समजायचं, माणसाने पहिला नंबर काढला. हे कळायला मला नोकरीतली पहिली चार वर्षं लागली. त्यानंतर माझं निम्मं काम हेच होतं.

आमची कापडाची घाऊक पेढी. कॅनव्हास, रेग्झिन, अस्तर, चेनची रिळं. मी तिथला कारकून, बिलं आणि पत्रव्यवहार पाहणारा. कुणा गिऱ्हाइकाला दुसरीकडे उधारीवर माल घ्यायचा असला किंवा बँकेकडून कर्ज काढायचं असलं, की तिथले लोक विचारत, तुमचा व्यवहार ज्यांच्याशी आहे अशा दोघांची नावं द्या. मग आमच्याकडे चौकशीचा कागद यायचा. किती वर्षांची ओळख, किती दिवसांची उधारी देता, पैसे वेळेवर येतात का, चेक कधी परत गेला का. याला बाजारात सगळे रेफरन्स म्हणतात. मी कागद घेऊन मालकांसमोर उभा राहायचो, ते नाव ऐकून म्हणायचे, "ठीक." आणि मी खुर्चीवर येऊन लिहायचो, 'यांचा व्यवहार अत्यंत समाधानकारक असून यांना उधारी देण्यास आम्हांस कधीही संकोच वाटला नाही.' मालक ते वाचून सही करायचे. एकदाही त्यांनी शब्द बदलला नाही. त्यांच्या मनातलं लोकांना कळेल अशा भाषेत मांडायचं, हा माझा पगाराबाहेरचा धंदा होता, आणि मला त्याचा अभिमान होता. नको तितका होता, हे आता कळतं.

पण मला सांगायचंय ते दप्तरताईबद्दल.

ती शाळेची दप्तरं शिवायची, म्हणून दप्तरताई. तिची सुरुवात कशी झाली ते तिने मला निदान दहा वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी हसून. तिची लेक दुसरीत असताना भर रस्त्यात दप्तराचा पट्टा तुटला आणि पुस्तकं गटारात गेली. नवीन दप्तर आणलं, त्याचाही पट्टा महिन्यात तुटला. तेव्हा हिने चिडून ते दप्तर उसवलं, आत काय आहे ते बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हे ज्याने शिवलंय त्याला पोरंबाळं नसणार." मग स्वतः शिवलं. ते बघून शेजारणीने मागितलं, शेजारणीचं बघून तिच्या जावेने. नवरा एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसायचा, स्वभावाने गरीब गाय. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर दप्तरांचे गठ्ठे बांधून पोचवून यायचा.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, पाच मशिनं, आणि जुने दोन दरवाजे आडवे टाकून केलेलं कापणीचं टेबल. एका दरवाजाची कडी तशीच होती, तिला ती कात्री अडकवायची. खिडकीजवळ छताला लोखंडी हूक होता. प्रत्येक नव्या नमुन्याचं दप्तर विटा भरून त्या हुकाला दिवसभर टांगलेलं असायचं. येता-जाता ती त्याला एक धक्का द्यायची. संध्याकाळी पट्ट्याची शिवण नखाने तपासायची, आणि एक टाका जरी सैल वाटला तरी अख्खा नमुना उसवायची. मी एकदा म्हणालो, "ताई, पोरं काय विटा नेतात का शाळेत?" तर म्हणाली, "भाऊ, तुम्ही हल्लीची पुस्तकं उचलून बघितली नाहीत वाटतं."

आमच्याकडे ती दर बुधवारी यायची. तीस दिवसांची उधारी होती, चेक अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत येणार म्हणजे येणार. बारा वर्षांत चुकला नाही. आल्या आल्या माझ्या टेबलावर पिशवी आपटायची आणि हळूच विचारायची, "आज किती शब्द खर्च झाले?" मी बोटं दाखवायचो, तीन किंवा चार. ती तोंडावर पदर धरून हसायची. पलीकडे काचेमागे मालक चष्म्यावरून बघायचे. मी तिरसट माणूस, घरी बायको म्हणते की माझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडतं, पण बुधवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालायचो. यात काही वावगं नव्हतं. आठवड्यातून एकदा कोणीतरी आपल्याशी मजेत बोलतं, एवढंच. तेवढ्याचीही माणसाला सवय लागते.

एका बुधवारी ती आली ती पिशवी न आपटता. खुर्चीच्या टोकावर बसली.

"भाऊ, एक विचारायचं होतं. मालकांचं नाव देऊ का मी?"

एका शाळासमूहाने तिला चार हजार दप्तरांची ऑर्डर देऊ केली होती, पण पाणी न शिरणारं कापड हवं होतं. ते आम्ही ठेवत नव्हतो, थेट कारखान्याकडून घ्यायला लागत होतं. कारखाना साठ दिवसांच्या उधारीवर द्यायला तयार होता, पण नव्या गिऱ्हाइकाला दोन रेफरन्स लागतात. एक दोरेवाले काका देणार होते, ज्यांच्याकडून ती दोरा घ्यायची. दुसरा आमचा हवा होता. तीन आठवड्यांत कापड हातात आलं नाही तर शाळा दुसरीकडे जाणार होती.

"तुम्ही फक्त हो म्हणा. फॉर्म ते तुम्हाला परस्पर पाठवणार, तुम्ही परस्पर त्यांना. मी मधे येत नाही. मी सहीने परवानगी दिलीय," ती म्हणाली. तिने सगळं नीट विचारून घेतलं होतं. मग जरा थांबून म्हणाली, "शेजारची खोली घेतलीय भाड्याने. आणखी पाच मशिनं बसतील. दोन बायकांना शब्द दिलाय कामाचा. हे झालं की मग मी तुमच्या मालकांसारखी ठीक ठीक करत फिरायला मोकळी."

मी आत जाऊन विचारलं. मालकांनी मान हलवली, म्हणजे नाव द्यायला हरकत नाही. मी बाहेर येऊन तिला सांगितलं. ती इतकी खूश झाली की जाताना पिशवी विसरली. मी जिन्यापर्यंत धावत जाऊन दिली.

आणि त्याच जिन्यावर माझ्या मनात आलं, की आता ही कारखान्याकडे जाणार. आधी ते एक कापड, मग दुसरं, मग अस्तरसुद्धा तिकडूनच. थेट कारखान्याचा माल मिळायला लागल्यावर कोण घाऊकवाल्याकडे येतं? माझा बुधवार गेला. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं ते आलं मनात.

फॉर्म सोमवारी आला. आणि नेमकं त्याच सोमवारी सकाळी छत्रीवाल्याचं प्रकरण फुटलं.

हा छत्रीवाला आमचं एक साधंसुधं गिऱ्हाईक. सहा महिन्यांपूर्वी त्याच्याबद्दल असाच कागद आला होता. मालक तेव्हा गप्प बसले होते, चष्मा पुसला नव्हता इतकंच, आणि मी आपल्या मनाने दोन गोड वाक्यं ठोकून दिली होती, सहीच्या गठ्ठ्यात घालून. मालक तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे न वाचता सह्या करत होते. आता तो छत्रीवाला गाशा गुंडाळून पसार झाला होता, आणि ज्यांचा माल बुडाला त्यांनी फोनवर मालकांना नाही नाही ते ऐकवलं. मालकांनी मला काचेच्या आत बोलावलं. इतकी वाक्यं एका दमात मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"मी बोलतो तेवढंच लिहीत जा. एक शब्द जास्त नको. तुझी शेपटं लावू नकोस. ही पेढी माझी आहे, माझं नाव जातंय."

गोदामातले दोघं दारातून बघत होते. चूक माझीच होती, म्हणून तर जास्त झोंबलं. मी खाली मान घालून बाहेर आलो, कान तापले होते. आणि दुपारी दप्तरताईचा फॉर्म हातात घेऊन पुन्हा त्याच काचेच्या आत जावं लागलं.

फॉर्म छापील होता. ओळख किती वर्षांची, बारा. उधारी किती दिवसांची, तीस. चेक परत गेला का, नाही. हे सगळं मी आधीच भरून नेलं होतं. शेवटी एक रकाना होता. 'पैसे देण्याबाबत आपले एकंदर मत.' त्याखाली चार चौकटी, एकावर खूण करायची. उत्कृष्ट. चांगले. ठीक. असमाधानकारक.

"दप्तरवाल्या बाईंचं. एकंदर मत काय लिहू?" मी विचारलं.

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला, खिडकीबाहेर बघितलं. आणि चक्क दोनदा म्हणाले, "ठीक. ठीक."

दोनदा ठीक त्यांनी जावयालाही दिलं नव्हतं.

मी टेबलाशी आलो. मला पहिल्या चौकटीत खूण करायची होती, हे मला लख्ख कळत होतं. बारा वर्षं मी तेच करत आलो होतो. पण मनात सकाळचंच घुमत होतं. मी बोलतो तेवढंच लिही. बरं तर, घ्या. तुम्ही बोललात ठीक, चौकट आहे ठीकची, मी एक शब्द जास्त लिहीत नाही. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली. पेनने, चांगली ठसठशीत. वर उरलेल्या दोन चौकटी कोऱ्या राहिल्या. मालकांनी सही केली, वाचलं की नाही देव जाणे, मी शिक्का मारला, एक प्रत फाइलला लावली आणि फॉर्म रवाना केला. पोर रुसलं की जेवत नाही, तसा तो माझा रुसवा. उपाशी मात्र तिसराच राहिला.

त्यात बुधवारचा हिशोब किती होता आणि सकाळच्या अपमानाचा किती, हे मी इतक्या वर्षांत खूपदा स्वतःला विचारलं. वाटणी जमत नाही.

तीन दिवसांनी, गुरुवारी, कारखान्याच्या उधारी विभागातून एका बाईंचा फोन आला. आवाज तरुण, बोलणं नेमकं.

"तुमच्या फॉर्मबद्दल विचारायचं होतं. आकडे सगळे चांगले आहेत, पण मत 'ठीक' आहे. दुसऱ्या रेफरन्समध्ये 'उत्कृष्ट'वर खूण आहे, शिवाय खाली हाताने एक ओळ लिहिलीय. दोघांत एवढा फरक आहे म्हणून विचारते. काही अडचण होती का त्यांच्याबाबत?"

"काय लिहिलंय ओळीत?" मी विचारलं. मला ते विचारायचा अधिकार नव्हता आणि त्यांना सांगायचा नव्हता. पण बाई नवीन असाव्यात. त्यांनी वाचून दाखवलं.

"'हिच्याकडून कधी उशीर झाला तर पैसे मागू नका, घरी सगळं बरं आहे ना ते विचारा.'"

दोरेवाल्या काकांचं अक्षर माझ्या डोळ्यांसमोर आलं, मोठं, उतरतं. लेकीला टायफॉइड झाला होता त्या वर्षी हिचे काकांचे पैसे महिनाभर मागे पडले होते, हे मला ताईनेच सांगितलेलं. आमचे मात्र तिने तेव्हाही वेळेवर दिले होते. आम्ही मोठे, काका आपले.

आता बघा, माझ्या हातात फोन होता. एक वाक्य पुरलं असतं. 'बाई, आमच्याकडे ठीक म्हणजे उत्कृष्ट, खूण चुकली, सुधारून पाठवतो.' पण काचेमागे मालक बसले होते, बघत होते. खूण चुकली म्हणायचं, तर सोमवारी फटकारलं आणि गुरुवारी पुन्हा चूक. मी म्हणालो, "फॉर्ममध्ये जे आहे तेच आमचं मत."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी आभारसुद्धा मानले.

पुढच्या बुधवारी ताई आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी आली. कारखान्याने कळवलं होतं की उधारी देता येणार नाही, सगळी रक्कम आगाऊ भरा, माल लगेच देतो. चार हजार दप्तरांच्या कापडाची रक्कम ती आगाऊ कुठून आणणार? तिसरा रेफरन्स देते म्हणाली, तर त्याला आणखी आठवडाभर लागणार होता. बँकेत गेली, तिथे साहेब म्हणाले कागदपत्रं आणा, तारण दाखवा, महिना-दीड महिना धरा. शाळेने दुसऱ्याला ऑर्डर दिली. शेजारच्या खोलीची अनामत गेली. त्या दोन बायकांना तिने स्वतः घरी जाऊन काम नाही म्हणून सांगितलं, एकीने दार लावून घेतलं म्हणाली.

हे सांगताना ती रडली नाही. रिळावरच्या चेनचे दात अंगठ्याने मागेपुढे करत राहिली.

"कारण काय दिलं?" मी विचारलं.

"नीट सांगत नाहीत ते, गुप्त असतं म्हणे. तिथल्या बाई एवढंच म्हणाल्या, तुमच्या एका रेफरन्समधून हवी तेवढी खात्री पटली नाही." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडचा तर प्रश्नच नाही भाऊ. बारा वर्षांत एक चेक इकडचा तिकडे नाही. काकांचेच एकदा थकले होते. त्यांनी ते धरून ठेवलं मनात. वाटलं नव्हतं मला. पहिली रिळं त्यांनीच दिली होती, पट्ट्याला कुठला दोरा घालायचा तेही त्यांनीच शिकवलं. पण माणसाचं खरं रूप कागदावर उतरतं बघा."

मी काहीतरी बोललो. 'असतं असं' किंवा 'जाऊ द्या', असलं काहीतरी. पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या क्षणी जीभ हलली असती तर निदान काका वाचले असते. ऑर्डर गेलीच होती. पण माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं असावं.

तिने काकांकडून दोरा घेणं बंद केलं. भांडली नाही, विचारलं नाही. विचारणाऱ्यातली ती नव्हतीच, तिला उसवता यायचं. काकांचं दुकान आमच्याच रस्त्याला, औषधाच्या दुकानापलीकडे. एवढीशी जागा, भिंतभर रिळं, रंगांप्रमाणे लावलेली. आधी बुधवारी आमच्याकडून निघाली की ती तिकडे शिरायची, आता समोरच्या फुटपाथवरून जायची. मी वरच्या खिडकीतून बघायचो. काका पहिल्यांदा हाक मारायचे, "अगं ए, आज इकडे नाही का?" मग नुसतीच मान वर करायचे. मग तेही बंद झालं. एकदा मला रस्त्यात गाठून म्हणाले, "माझं काही चुकलं का रे? तुझ्याशी बोलते ती, तुला माहीत असेल." मी म्हणालो, "कामाचा ताण असेल, काका." ते म्हणाले, "असेल, असेल. तब्येत सांभाळ म्हणावं तिला."

आमच्याकडे मात्र ती येत राहिली. माझा बुधवार वाचला होता. आल्या आल्या पिशवी आपटायची, शब्दांची चौकशी करायची, आणि मी बोटं दाखवायचो. मालकांचे शब्द तेवढेच होते, पण मला हसू येईनासं झालं. इस्त्रीचा शर्ट मी सोडून दिला. बायकोने विचारलं तर म्हणालो, इस्त्री महागलीय.

काही वर्षांनी मालकांनी पेढी पुतण्याकडे सोपवायची ठरवली, जुन्या फायली काढायला घेतल्या. ठेवायचं ते एका बाजूला, फाडायचं ते दुसऱ्या. दुपारी त्यांनी हाक मारली. हातात तो फॉर्म होता.

"हे काय आहे?"

"दप्तरताईंचा रेफरन्स."

"ते दिसतंय. ही खूण."

"तुम्ही ठीक म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "तू ठीक लिहिलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं, बोलतो तेवढंच लिही."

"अरे, ते छत्रीवाल्यापुरतं होतं." त्यांनी चष्मा काढला. पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. "मला वाटलं, माझं तुला कळतं. आणि मी तरी न वाचता सही केली." मग म्हणाले, "तिला सांगून टाक."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत दोन वर्षं गेली. एकदा तिच्या लेकीला नोकरी लागली, ती पेढे घेऊन आली, आनंदात विघ्न नको म्हणून राहिलं. एकदा तिचा पाय मुरगळला होता, दुखण्यात त्रास नको म्हणून राहिलं. न सांगायला मुहूर्त कुठलाही चालतो. बायकोला मात्र मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझं का दप्तर बुडालं?" आणि ताट उचलून आत गेली.

मग काका गेले. दुकान उघडायला आले, कुलूप काढलं, आणि पायरीवरच बसले ते उठले नाहीत. रस्त्यावरचे सगळे जमले. ताईही आली होती, पण लांब, समोरच्या फुटपाथवर, हात बांधून उभी. कोणीतरी तिला म्हणालं, पुढे ये, तुझा तर घरोबा होता. ती म्हणाली, "होता एकेकाळी." आणि वळून निघून गेली. मी बघत होतो.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तिची वाट न बघता मीच तिच्याकडे गेलो. सायकलच्या दुकानावरचा जिना, दोन खोल्या, तीच पाच मशिनं. हुकाला एक निळं दप्तर टांगलेलं होतं. ती कापणीच्या टेबलाशी उभी होती, कापडावर खडूने रेघा मारत.

"अगं बाई, भाऊ! तुम्ही आणि इकडे? बसा ना."

मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सोमवार सकाळ, चार चौकटी, मालकांचं दोनदा ठीक, माझी खूण. फोन आला होता तेही, आणि मी काय बोललो तेही. तिच्या मनात मीच काकांना गुन्हेगार होऊ दिलं, तेही. एकच गोष्ट गाळली, बुधवारची. मग तीही सांगितली.

मशिनावरच्या बायकांनी पायडल थांबवलं होतं. तिने हातानेच त्यांना चालू ठेवा अशी खूण केली, आणि त्यांनी चालू केलं.

"काकांनी काय लिहिलं होतं?" तिने विचारलं.

मला ती ओळ पाठ होती. मी म्हणून दाखवली. 'हिच्याकडून कधी उशीर झाला तर पैसे मागू नका, घरी सगळं बरं आहे ना ते विचारा.'

तिने खडू खाली ठेवला. हात कपड्याला पुसले, खिडकीशी गेली. तिथून काकांच्या दुकानाचं शटर दिसत नाही, मधे औषधाचं दुकान येतं. तरी ती तिकडेच बघत राहिली. टांगलेल्या दप्तराला तिचा खांदा लागला, ते थोडा वेळ हलत राहिलं.

"ताई, काहीतरी बोला," मी म्हणालो. "शिव्या घाला हवं तर."

ती परत टेबलाशी आली. खडू उचलला, आणि अर्धी राहिलेली रेघ कापडाच्या टोकापर्यंत नेली.

"ठीक," ती म्हणाली.

मी दारात थांबलो, आणखी काही बोलेल म्हणून. तिने दरवाजाच्या कडीला अडकवलेली कात्री काढली आणि कापायला घेतलं. कापड जाड होतं, आवाज होत होता. ज्यांच्या ठीकचा अर्थ मला कळायचा ते मालक आता घरी बसून होते. हिच्या ठीकचा अर्थ लावायला मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. मग चपला घातल्या आणि जिना उतरलो.

पुढच्या बुधवारी तिचा चेक आला, वेळेवर. पोस्टाने.